घेवड्यावरचा तांबेरा आणि बाईंची जास्वंद

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. विषय निघाला नाही असं नाही. आमच्या जुन्या वसाहतीतले लोक लग्नाकार्यात भेटतात, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, काका, तुमचा घेवडा काय मस्त यायचा, त्या शेजारच्या बाईच्या जास्वंदीनं घात केला. मी मान हलवतो आणि वरण वाढून घेतो. त्या मान हलवण्यानं मी एका बाईवरचा खोटा आळ इतकी वर्षं जिवंत ठेवला. आता माझं वय झालं आहे. ऐकणारे आहेत तोवर खरं काय ते लिहून ठेवतो.

चंद्रपूरजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. बैठी क्वार्टरं, एका ओळीत, प्रत्येकाच्या दारापुढे सिमेंटचा ओटा आणि त्याला लागून हातभर मातीची पट्टी. त्या पट्टीत माती कमी आणि मुरूम जास्त, म्हणून सगळ्यांची झाडं डब्यांतच. रंगाचे रिकामे डबे, तेलाची पिंपं अर्धी कापून, फुटक्या बादल्या. मागच्या रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक जात. संध्याकाळपर्यंत झाडांची पानं काळी पडत. तुळस काळी, गुलाब काळा, वाळत घातलेला पांढरा शर्ट तर बघायलाच नको. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. संध्याकाळी नळाला पाणी आलं की प्रत्येक जण पाइप लावून झाडं वरून खालपर्यंत धुवायचा आणि मग ओल्या फडक्यानं मोठी पानं पुसायचा. ज्याची पानं चकचकीत तो नीटनेटका माणूस, असा तिथला हिशेब.

मी त्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होतो. हिवाळ्यात माझ्या ओट्यावर घेवडा असायचा. डब्यांची रांग आणि प्रत्येक डब्यातून छपरापर्यंत सुतळ्या चढवलेल्या. रोज संध्याकाळी मी त्या वेलांना आंघोळ घालायचो आणि एका हातानं पान खालून धरून दुसऱ्या हातातल्या फडक्यानं पुसत पुसत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. माझी बायको दारात बसून बघायची. एकदा शेजारणींच्या देखत म्हणाली, "आमच्या लेकरायचं नाक कधी पुसलं नाई यायनं, पानं पाहा कसे पुसून राह्यले." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण शेंगा आल्या की त्याच बायकांना मी पिशवी भरभरून द्यायचो आणि त्या माझं कौतुक करायच्या. ते मला आवडायचं. कारखान्यात मी एक साधा फिटर होतो. तिथं कौतुक करायला कोणाला वेळ नव्हता.

भिंतीला भिंत लागून जे क्वार्टर होतं तिथं आमच्याच खात्यातला एक माणूस राहायचा, अबोल, सरळ. त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचो आणि ती मला भाऊ म्हणायची. बौद्ध कुटुंब होतं. त्यांच्या ओट्यावर एका मोठ्या पिंपात लाल जास्वंद होती, माणसाच्या उंचीची. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी बाई दोन-तीन फुलं तोडून घरातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायच्या आणि एक फूल आमच्या खिडकीत. ते आमच्या गणपतीला जायचं. आमच्या घरच्या पूजेचं फूल वर्षानुवर्षं त्याच झाडाचं होतं, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्यावं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पुसून झाल्यावर माझं फडकं पिवळट तांबडं दिसलं. मला वाटलं, ओट्याच्या लोखंडी कठड्याचा गंज लागला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग मी एक पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या होत्या, फुटलेल्या, आणि त्यांतून गंजाच्या रंगाची पूड निघत होती. बोट फिरवलं तर बोट रंगलं. प्रत्येक पुळीभोवती पिवळं वलय. खालची पानं तर पिवळी पडून गळायलाच लागली होती.

मी शेतकऱ्याचा मुलगा. वरोऱ्याकडे आमची शेती होती. ते बघताच मी ओळखलं की हा तांबेरा आहे. गव्हावर आलेला मी लहानपणी पाहिला होता.

आणि त्याच आठवड्यात मला बाईंच्या जास्वंदीवरही तेच दिसलं. खाली वाकून पान उलटलं, तर पाठीवर केशरी ठिपके. मला चोर सापडला. तिचं पिंप माझ्या शेवटच्या डब्याला जवळजवळ टेकलेलं होतं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की रोग तिकडून आला.

त्या संध्याकाळी बाई ड्यूटीवरून आल्या तेव्हा मी त्यांना दाखवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. म्हणाल्या, "भाऊ, याचा रंग वेगळा दिसते. माझावाला हळदीसारखा आहे, तुमचा गंजासारखा."

रंग वेगळा होता. मलाही दिसत होता. मी म्हणालो, उजेड कमी आहे.

तरीही त्यांनी माझ्या समाधानासाठी दुसऱ्याच दिवशी काम केलं. ऊन चढून दव सुकल्यावर त्या प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसल्या. रोगट पान आधी पिशवीत घ्यायचं आणि मग देठ मोडायचा, म्हणजे पूड उडत नाही. झाड हलू द्यायचं नाही. पिशवीचं तोंड बांधलं, हात साबणानं धुतले, कात्री उकळत्या पाण्यात टाकली. दवाखान्यातली सवय होती ती. मग नवऱ्याला हाताशी घेऊन त्यांनी ते पिंप ओळीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन ठेवलं आणि पानांवर पाणी मारणं बंद केलं. बुंध्याशी तांब्यानं पाणी घालायच्या. कोळशाची धूळ बसली तर बसू दे म्हणायच्या. आमच्या ओळीत ते फार वाईट दिसायचं, एवढं काळं पडलेलं झाड.

मी मात्र माझं धुणं-पुसणं वाढवलं. रोगाची पूड दिसली की ती पुसून काढायची, यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं. एकच फडकं, एकच बादली, या डब्यातून त्या डब्याकडे. सूर्य मावळताना धुतलेली पानं थंडीत रात्रभर ओली राहायची आणि सकाळी मला वाटायचं, आज स्वच्छ आहेत. आठ-दहा दिवस गेले की नव्या पानांच्या पाठीवर पांढुरके ठिपके दिसायचे आणि मग तेच ठिपके फुटायचे. एका डब्यापासून सुरू झालेला तांबेरा सगळ्या रांगेत गेला. मग ओळीतल्या दोन-तीन घरांच्या घेवड्यावरही. त्यांची पानं बघायला मी स्वतःच गेलो होतो, हात न धुता.

नळावर मी बोलायला लागलो. त्यांच्याकडून लागलं, असं मी म्हणायचो. आमच्या भागात हे वाक्य झाडांपेक्षा माणसांबद्दल जास्त वापरलं गेलेलं आहे. मला ते माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. मी झाडाबद्दलच बोलत होतो, पण ऐकणाऱ्यांपैकी काहींना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं, आणि मी कोणाला थांबवलं नाही. बाईंनी दिलेल्या फांदीपासून लावलेला मोगरा एका घरानं उपटून फेकला. मोगऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या एकीनं त्यांच्याकडून विरजण घेणं बंद केलं. विरजणाचा आणि तांबेऱ्याचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग एका रविवारी, सगळ्या बायका नळावर असताना, मी बाईंना म्हणालो, "बाई, ते झाड आता काढून टाका. साऱ्या लाइनीत रोग पसरून राह्यला."

"टाकीपाशी नेलं ना भाऊ," त्या म्हणाल्या. "खराब पानं काढले. नवीन पानं येऊन पाहा, एकावरही नाई."

"पाहाची गरज नाई मले."

कोणीतरी मागून म्हणालं, झाडच तं आहे, दुसरं लावता येते. बाईंनी भरलेली घागर नळाखालून बाजूला केली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "हे माझ्या माहेरच्या आंगणातलं आहे भाऊ. गाव खाणीत गेलं. घर नाई, विहीर नाई, काहीच नाई राह्यलं तिथलं. हे एक आहे."

ते गाव मला माहीत होतं. तिथं आता एवढा मोठा खड्डा आहे की खालचे डंपर खेळण्यासारखे दिसतात. मला सगळं कळलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची, हा विचार माझ्या मनात त्याहून मोठा होता. मी म्हणालो, मग तुमचं तुम्ही पाहा, पण उद्या कोणी मला बोलू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचा आवाज आला. बाईंनी झाड स्वतः तोडलं. नवऱ्याला हात लावू दिला नाही. फांद्यांचे तुकडे केले, मुळासकट सगळं पोत्यात भरलं, पोत्याचं तोंड शिवलं आणि नळावर येऊन कोपरापर्यंत हात धुतले. पोतं भरण्याआधी मी टाकीपाशी जाऊन उभा राहिलो होतो. त्या तोडलेल्या फांद्यांवरची पानं मी पाहिली. कोवळी, धुळीनं माखलेली, आणि पाठीवर एकही ठिपका नाही.

"आता तुमचा घेवडा चांगला राहीन भाऊ," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत असावं, किंवा तसं म्हणून त्यांना ते प्रकरण संपवायचं असावं.

त्या दिवशी आमच्या गणपतीला फूल नव्हतं. बायकोनं मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "आता त्या घेवड्याची भाजी मी नाई करत. तोडा अन् वाटा गावाले." त्यानंतर तिनं खरंच कधी केली नाही.

घेवडा तर वाचलाच नाही. जास्वंद गेल्यावर तांबेरा जोरात वाढला, कारण आता मी निर्धास्तपणे धुवत होतो. महिन्याभरात वेल काड्यांसारखे उरले. लोकांनी विचारलं तर मी सांगायचो, जास्वंदीची पूड अजून हवेत आहे. त्यांना ते पटलं. मला पटलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच जुन्या सुतळ्यांवर, तळाशी मागच्या वर्षीचा वाळका पाला पडलेल्या त्याच डब्यांत पुन्हा घेवडा लावला, आणि जास्वंद नसतानाही पुन्हा तांबेरा आला.

मी घेवड्याचं एक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका सरकारी कृषी केंद्रात दाखवायला नेलं. तिथला अधिकारी तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं पान उजेडात धरलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की संध्याकाळी पानांवर पाणी मारता का. मी हो म्हणालो, धूळ असते. मग त्यानं समजावलं. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं उडतात, पाण्याच्या थेंबांबरोबर उडतात, हाताला, फडक्याला, कपड्याला चिकटून दुसऱ्या झाडावर जातात. पण नुसते जाऊन बसले म्हणून रोग होत नाही. पान बरेच तास ओलं राहिलं की मगच ते रुजतात. तुम्ही बी पण पेरत होता आणि पाणी पण देत होता, असं तो हसून म्हणाला.

उपायही त्यानं सांगितले. रोगट पानं कोरडी असताना, पिशवीत धरून काढायची. जाळायची किंवा बांधून टाकायची, खताच्या खड्ड्यात नाही. लागलेला डबा वेगळा ठेवायचा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. डब्यांत अंतर, म्हणजे वारा खेळून पानं लवकर सुकतील. पाणी सकाळी आणि मुळाशी. धूळ फारच झाली तर सकाळीच धुवा, म्हणजे उन्हात पानं सुकतील, पण रोग असताना धुऊही नका आणि पुसूही नका. सुतळ्या नव्या. जी पानं अजून निरोगी आहेत त्यांच्यावर गंधकाची फवारणी, पण भर उन्हात नाही.

मी उठता उठता विचारलं, "अन् जास्वंदीवरून येते का हा?"

"नाही काका. जास्वंदीचा तांबेरा वेगळा. तो घेवड्याला लागत नाही, घेवड्याचा जास्वंदीला लागत नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. आणि मला माझे वडील आठवले. गव्हावर तांबेरा आला होता त्या वर्षी ते गव्हातून चालत आले की त्यांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत केशरी व्हायचं. गव्हाच्या बांधाला लागून आमचं जवस होतं. तेच धोतर नेसून ते रोज जवसातून घरी यायचे. गहू गेला, जवसाला काही झालं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अधिकाऱ्यानं मला नवीन काही सांगितलं नव्हतं. विचार केला असता तर बाईंच्या ओट्यावर उभा असतानाच मला हे कळलं असतं. किंवा कळलंच होतं, आणि मला ते नको होतं.

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी केलं आणि त्यापुढच्या हिवाळ्यात माझा घेवडा स्वच्छ आला. लोक म्हणाले, बघा, जास्वंद गेली म्हणून. तेव्हा बोलायला हवं होतं. बाई तेव्हा शेजारीच होत्या, मधे एक भिंत होती. मी शेंगांची पिशवी त्यांच्या दारात ठेवून आलो. त्यांनी रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून परत पाठवली.

पुढे त्यांनी गडचिरोलीला बदली मागून घेतली. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर तोही तिकडे गेला आणि त्यांनी तिथं लहानसं घर बांधलं. मीही निवृत्त झालो. बायको गेली. जाण्याआधी आजारपणात तिनं मला एकदाच म्हटलं, "त्या बाईले जाऊन सांगाल का नाई?" मी हो म्हणालो होतो.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मी गेलो. बसनं मूल, सावली ही गावं करत गडचिरोली. बाई थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण मला फाटकातच ओळखलं. भाऊ या, म्हणाल्या. चहा झाला, बायकोची चौकशी झाली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, बरं झालं आले, तुम्हाला काही दाखवायचं आहे.

मागच्या अंगणात कुंड्या होत्या. मिरची, गुलाब, कढीपत्ता, आणि दोन कुंड्यांत घेवडा. घेवड्याच्या पानांच्या पाठीवर तांबेरा होता. गुलाब आणि मिरची त्यांनी घाईघाईनं पार दुसऱ्या भिंतीकडे ओढून नेली होती. त्या वयात, नवरा घरी नसताना, एकटीनं. जमिनीवर ओढल्याचे ओरखडे दिसत होते.

मी खाली बसलो आणि मला येत होतं ते सगळं केलं. पिशवी मागितली, रोगट पानं तिच्यात धरून काढली, एका कुंडीचं झाल्यावर हात धुऊन मग दुसरी घेतली. एक कुंडी खूपच खराब होती, ती उपटून बांधून टाकली. पाणी कसं, गंधक किती पातळ, सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"अन् त्या कुंड्या?" त्यांनी गुलाब-मिरचीकडे बोट दाखवलं. "त्यायले तं नाई ना लागणार?"

"नाई लागत बाई. हा घेवड्याचा आहे, घेवड्यालेच लागते."

मी पिशवीचं तोंड बांधत होतो. मान वर करायची हिंमत नव्हती. त्यांनी विचारलं, "मंग भाऊ, माह्या जास्वंदीवरून नव्हता आला तो?"

हाच तो क्षण होता, आणि तो त्यांनीच मला दिला होता. माझ्या तोंडून निघालं, "तवा कोणाले एवढं माहीत होतं बाई."

त्यांनी मान डोलावली. "हो, तेही खरं आहे," म्हणाल्या, आणि माझे हात धुवायला पाणी आणायला आत गेल्या. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं आणि नीट सांगायचं. पुढच्या महिन्यात गुडघा धरला. मग उन्हाळा लागला. पावसाळ्यात त्यांच्या नवऱ्याचा फोन आला की बाई गेल्या. मी गेलो, लोकांमध्ये बसलो, वंदना झाली तेव्हा हात जोडले आणि परत आलो. नवऱ्यालाही काही बोललो नाही.

वसाहतीतल्या ज्यांनी माझं ऐकून त्यांच्याशी वागणं बदललं, त्यांच्यापैकी काही जण हे वाचतील. त्यांनी समजून घ्यावं की रोग माझ्या फडक्यानं पसरला, माझ्या पाइपानं पसरला आणि माझ्या तोंडानं पसरला. आणि बाईंना जे त्या अंगणात बसून सांगायचं होतं ते असं होतं:

बाई, मला माहीत होतं. गहू-जवसाचं मी पाहिलेलं होतं, रंग वेगळा आहे हे तुम्ही दाखवलं तेव्हा मलाही दिसलं होतं, आणि तोडलेल्या फांद्यांवरची साफ पानंही मी पाहिली होती. तुमच्या झाडाचा काही दोष नव्हता, तुमच्या घराचा तर नव्हताच. चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तुमच्या माहेरचं शेवटचं झाड तुमच्याच हातानं तोडायला लावलं. मला माफ करा.